हप्ता पंधरवड्याला अर्धा-अर्धा भरला तर?

मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "दुधाचं पेमेंट पंधरा दिवसांनी येतं. मग हप्ताही तसाच भरला तर व्याज वाचेल का?" वाचतं, पण किती आणि कधी, ते हिशोबानेच बघू.

समजा, म्हशीसाठी १,२०,००० रुपये कर्ज काढलं. व्याज वर्षाला १२ टक्के, मुदत २४ महिने. महिन्याचा हप्ता साधारण ५,६५० रुपये बसतो आणि तो ३० तारखेला भरायचा असतो. त्यातले २,८२५ रुपये १५ तारखेलाच भरले, तर तेवढ्या रकमेचं पंधरा दिवसांचं व्याज वाचतं. ते होतं फक्त १४ रुपये! बँकेत जायला-यायला ४० रुपये भाडं लागत असेल, तर उलट तोटाच. म्हणून गावातच बँक सखीकडे भरता येत असेल तरच हे करा आणि दर वेळी पावती घ्या.

खरा फायदा दुसऱ्या पद्धतीत आहे. महिन्यातून दोनदा नाही, तर दर १४ दिवसांनी अर्धा हप्ता भरायचा. वर्षात असे २६ अर्धे हप्ते होतात, म्हणजे १२ ऐवजी १३ पूर्ण हप्ते. मग हेच कर्ज सुमारे दोन महिने आधी फिटतं आणि जवळपास १,७०० रुपये व्याज वाचतं. पण लक्षात घ्या, हा फायदा जास्तीच्या हप्त्याचा आहे. तेवढे पैसे हातात असतील तरच जमेल.

हे सगळीकडे चालत नाही. गटाचं कॅश क्रेडिट खातं असेल, तर व्याज रोजच्या शिलकीवर लागतं, म्हणून पैसे भरले त्या दिवसापासून फायदा सुरू होतो. मुदत कर्जात आधी शाखेत विचारावं लागतं. काही ठिकाणी आधी भरलेली रक्कम हप्त्याच्या तारखेपर्यंत बाजूला ठेवतात, मग व्याज कमी होत नाही. फ्लॅट रेटच्या कर्जात व्याज सुरुवातीलाच पूर्ण रकमेवर धरलेलं असतं, तिथे तुकडे करून काही वाचत नाही. गटाच्या अंतर्गत कर्जात आपण व्याज महिन्याने धरतो, त्यामुळे तिथे आधी बैठकीत ठराव करावा लागेल. मायक्रोफायनान्सच्या कर्जावर मुदतीआधी पैसे भरल्याचा दंड घेता येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे. पण अर्धा हप्ता घेतील का, ते त्यांना विचारूनच ठरवा.

फायदा होतोय का, हे ओळखायचं कसं? एकदा अर्धा हप्ता भरा आणि महिनाअखेरीला खात्याचा उतारा मागा. भरलेल्या तारखेलाच शिल्लक कमी झालेली दिसली, तर बरोबर आहे. नसेल तर पूर्वीसारखा महिन्याचाच हप्ता भरा.

आणि एक चूक टाळा. पहिला अर्धा १५ तारखेला आणि दुसरा पुढच्या महिन्याच्या ५ तारखेला, असं करू नका. ३० तारखेला पूर्ण हप्ता जमा नसेल, तर खातं थकीत दिसतं आणि पुढचं कर्ज अडतं. अर्धा आधी भरायचा, उशिरा नाही.