शून्ये, एक बिंदू आणि बहुपदी

बहुपदीची किंमत चलाच्या ज्या किमतीला 0 होते, ती त्या बहुपदीची शून्ये. आलेख X-अक्षाला कोठे भेटतो हे त्यांवरून कळते, पण तो किती उंच चढतो किंवा कोणत्या दिशेने जातो हे कळत नाही. त्यासाठी शून्यांपेक्षा वेगळा असा आलेखावरचा आणखी एक बिंदू लागतो.

एका घन बहुपदीची शून्ये −2, 1 आणि 3 आहेत आणि तिचा आलेख (2, 6) या बिंदूतून जातो, असे समजू. अवयव सिद्धांतानुसार प्रत्येक शून्यामागे एक अवयव मिळतो. शून्य −2 असेल तर अवयव (x + 2) असतो. येथे चिन्हाची चूक फार वेळा होते. म्हणून x = −2 ठेवल्यावर कंस 0 होतो ना, हे लगेच पाहावे. आता बहुपदी अशी लिहिता येते:

p(x) = a(x + 2)(x − 1)(x − 3)

यातला a म्हणजे सर्वांत मोठ्या घाताच्या, येथे x³ च्या, पदाचा सहगुणक. त्याची किंमत 0 सोडून काहीही घेतली तरी शून्ये हलत नाहीत. a चे माप वाढले की आलेख उभा ताणला जातो आणि चिन्ह बदलले की तो X-अक्षात उलटतो. ही मोकळीक दिलेला बिंदू संपवतो. x = 2 ठेवल्यास कंसांचा गुणाकार 4 × 1 × (−1) = −4 येतो. म्हणून −4a = 6, म्हणजेच a = −3/2. कंस उलगडल्यावर

p(x) = −(3/2)x³ + 3x² + (15/2)x − 9

ताळा पाहू: x = 2 ला −12 + 12 + 15 − 9 = 6.

काही विद्यार्थी a लिहीतच नाहीत. मग 6 ऐवजी −4 आले की शेवटी 10 मिळवून मोकळे होतात. बिंदू जुळतो, पण x = 1 ला किंमत 0 न राहता 10 होते आणि दिलेली शून्येच हातची जातात. दुरुस्ती बेरजेने नव्हे, गुणकानेच करावी लागते.

जादा बिंदू शून्यावरचाच असेल, उदाहरणार्थ (3, 0), तर समीकरण 0 = 0 होते आणि a बद्दल काहीच कळत नाही. (3, 5) दिला असेल तर अशी बहुपदी असूच शकत नाही.

बहुपदीची कोटी सांगितलेली असणेही तितकेच आवश्यक आहे. कोटी 4 चालत असेल, तर −(3/2)(x + 2)(x − 1)²(x − 3) ही बहुपदीसुद्धा त्याच तीन ठिकाणी 0 होते आणि (2, 6) मधूनच जाते, कारण x = 2 ला (x − 1) ची किंमत 1 आहे. फरक इतकाच की x = 1 ला तिचा आलेख X-अक्ष ओलांडत नाही, त्याला टेकून मागे फिरतो. म्हणून कोटी किंवा प्रत्येक शून्य किती वेळा येते हे ठाऊक असेल, तरच उत्तर एकमेव ठरते.