मेसचा दर वाढवायचाय? आधी सांगा, मग वाढवा!

जुलै २०२३ आठवतोय? नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या २० किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला होता. दोनच महिन्यांत तो इतका पडला, की शेतकऱ्यांवर माल फेकायची वेळ आली. त्या जुलैत एखाद्या मेसवाल्याने टोमॅटोसाठी दर वाढवला असता, तर सप्टेंबरमध्ये पोरांनी विचारलंच असतं, ‘आता कमी करा ना!’

म्हणून नारायणगाव, जुन्नर किंवा मंचरला तुमच्या घरची मेस असेल, तर पहिला नियम हा: चढ-उतार होणाऱ्या भाजीसाठी मेनू बदला. दर वाढवायचा तो किराणा, गॅस, दूध अशा भाजीइतक्या झपाट्याने वर-खाली न होणाऱ्या खर्चासाठी.

पण वाढवायचा किती? समजा, तुमच्याकडे ४० पोरं आहेत आणि महिन्याला २,६०० रुपये घेता. एका पोरामागे शिधा आणि गॅसचा खर्च २,००० होता, तो २,२४० झाला. म्हणजे भाडं आणि मावशींचा पगार ज्यातून निघतो, ते ६०० रुपये आता ३६०वर आलेत. दर २,८०० केला तर ५६० उरतात. वाढ साधारण आठ टक्के, आणि ती खर्चापेक्षा जास्त नाही, हे समोरच्याला पटवता येतं. एकदम ३,१०० केले, तर पोरं त्याच दिवशी दुसरी मेस शोधायला लागतील.

काही जण सोडून गेले तर? ३६०च्या हिशोबाने ४० जणांचे १४,४०० उरत होते. ५६०च्या हिशोबाने २६ जणांतच तेवढे निघतात. त्यामुळे दोन-चार जण गेले म्हणून घाबरून दर मागे घेऊ नका.

आता सांगायचं कसं? पैसे द्यायला आलेल्या पोराला ऐनवेळी नवा आकडा सांगितला, की तो चिडतोच. घरून तेवढेच पैसे आलेले असतात. महिनाभर आधी ग्रुपवर टाका आणि जेवायला आल्यावर तोंडीही सांगा. मेसेज एवढाच: ‘पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून मेस २,८०० रुपये. किराणा आणि गॅस वाढलाय. जेवण आहे तेच राहील. ज्यांनी आगाऊ पैसे भरलेत, त्यांना ते संपेपर्यंत जुनाच दर.’ लांबलचक माफी नको.

दोन गोष्टी मात्र टाळा. एकाला गुपचूप जुना दर देऊ नका. रूमवर गेल्यावर सगळं कळतं. सवलत द्यायचीच, तर ‘तीन महिन्यांचे एकदम भरा, १०० रुपये कमी’ अशी सगळ्यांसाठी ठेवा. आणि दर तोच ठेवून डाळ पातळ करू नका. पोरं तोंडावर बोलत नाहीत, आधी रात्रीच्या दांड्या वाढतात, मग दोन वेळचं एक वेळ होतं. दरवाढीनंतर महिनाभर या दांड्या वहीत लिहा. त्या वाढल्या, तर न बोलणाऱ्या पोरांना स्वतःहून विचारा. अडचण दराची आहे की जेवणाची, ते तिथेच कळेल.