एका पातेल्यातली तीस शितं

1976 साली इंग्लंडमध्ये नेव्हिल बेनेट यांचं 'टीचिंग स्टाइल्स अँड प्युपिल प्रोग्रेस' हे पुस्तक आलं आणि वर्तमानपत्रांना खाद्य मिळालं. पारंपरिक, शिस्तीच्या पद्धतीनं शिकलेल्या प्राथमिक शाळेतल्या मुलांची प्रगती मोकळ्या पद्धतीच्या वर्गांपेक्षा जास्त झाली, असा त्याचा निष्कर्ष होता. आकडे संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरले होते. मुलं होती नऊशेहून अधिक, शिक्षक मात्र 37.

पाच वर्षांनी मरे एटकिन यांनी जेन हेस्केथ आणि खुद्द बेनेट यांना सोबत घेऊन तीच माहिती पुन्हा तपासली. एका शिक्षकाच्या हाताखालची मुलं एकमेकांसारखी असतात, हे या वेळी हिशेबात धरलं. पद्धतींमधले फरक त्या कसोटीवर टिकले नाहीत. स्वतःच्या गाजलेल्या निष्कर्षाच्या फेरतपासणीत बेनेट सहभागी झाले, हेही नोंदवण्यासारखं.

चूक होती मुलं मोजण्यात. शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण एकाच पातेल्यातली तीस शितं चाचपून तीस घरांच्या भाताबद्दल बोलता येत नाही. एका शाळेतल्या तीस मुलांचे शिक्षक एक, मुख्याध्यापक एक, बहुतेकदा वस्तीही एक. गणिताचे गुरुजी चांगले असले तर सगळ्यांचेच गुण थोडे वर सरकतात. मग तिसावं मूल पहिल्या एकोणतीस मुलांनी न सांगितलेलं असं नवीन फार थोडं सांगतं.

आता एक कल्पित हिशेब मांडू. 40 शाळा, प्रत्येकीत 30 मुलं, एकूण 1,200. निम्म्या शाळांत नवा वाचन कार्यक्रम राबवला आणि तिथली सरासरी 3 गुणांनी जास्त आली. मुलांच्या गुणांचं प्रमाण विचलन 20 धरू. प्रत्येक मूल स्वतंत्र मानलं तर या फरकाची प्रमाण त्रुटी, म्हणजे नमुना बदलला तर उत्तर साधारण किती हलेल त्याचा अंदाज, 1.15 येते. फरक तिच्या अडीचपटीहून मोठा, तेव्हा कार्यक्रम यशस्वी म्हणून पेढे वाटायला हरकत नाही.

पण समजा गुणांमधल्या एकूण चढउतारापैकी पाचवा हिस्सा शाळाशाळांतल्या फरकामुळे आहे. शिक्षणाच्या माहितीत हे प्रमाण अजिबात वावगं नाही. अशा वेळी त्रुटीचा वर्ग 1 + (30 − 1) × 0.2, म्हणजे 6.8 पटींनी वाढतो आणि त्रुटी 2.6 पटींनी. 1.15 ची ती 3 होते. फरकही 3 आणि त्रुटीही 3! खरा परिणाम उणे 3 पासून अधिक 9 गुणांपर्यंत कुठेही असू शकतो. 1,200 मुलांनी दिलेली माहिती जेमतेम 176 स्वतंत्र मुलांइतकी भरते. 3 गुणांचा फरक तसाच राहतो. बदलते ती त्याच्याबद्दलची खात्री.

ही 'क्लस्टर्ड' त्रुटी काढण्याची युक्ती साधी आहे. नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक मुलाच्या गुणांची अंदाजापासूनची चूक घेऊन तिचा वर्ग करतात आणि मग बेरीज. इथे आधी शाळेतल्या सगळ्या चुकांची बेरीज, वर्ग नंतर. एका शाळेतली तीसही मुलं अंदाजापेक्षा 4 गुणांनी वर असतील, तर पहिल्या रीतीनं 480 येतात, दुसऱ्या रीतीनं 120 चा वर्ग, 14,400. पंधरा मुलं 4 नं वर आणि पंधरा 4 नं खाली असतील, तर दुसऱ्या रीतीनं शून्य. मुलं एकाच दिशेला झुकली की ही पद्धत ते पकडते. एटकिन यांनी वापरलेली पद्धत वेगळी होती, पण दुखणं तेच.

गट कोणता धरायचा? कार्यक्रम ज्या पातळीवर वाटला ती पातळी. मुंबई आणि वडोदऱ्यात 'प्रथम'च्या बालसखी कार्यक्रमाची चाचणी अभिजित बॅनर्जी, एस्तेर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी केली. तिथे एका शाळेच्या तिसरीला बालसखी मिळे, तर दुसऱ्या शाळेच्या चौथीला. म्हणून त्यांनी त्रुटी शाळा आणि इयत्ता मिळून होणाऱ्या गटावर काढली.

या पद्धतीलाही मर्यादा आहे. तिची भिस्त शाळांच्या संख्येवर असते. शाळा दहा-बाराच असतील तर दुरुस्त केलेली त्रुटीही खऱ्यापेक्षा लहान निघते आणि खोटी खात्री पुन्हा डोकावते. तिथे अधिक मुलं तपासून फारसं भागत नाही. अधिक शाळा लागतात.

म्हणून अहवालाच्या तक्त्याखाली एक ओळ हवीच: 'विद्यार्थी 1,200, शाळा 40, कंसातील प्रमाण त्रुटी शाळेच्या पातळीवर क्लस्टर केलेल्या.' पुढच्या वेळी 'हजारो विद्यार्थ्यांच्या पाहणीत सिद्ध' अशी बातमी दिसली, तर शाळा किती होत्या तेवढं शोधा.