कंपनीचं खातं उघडताना बँक ठराव परत का करते? सहीचा अधिकार असा तपासला जातो

समजा, पुण्यात तिघांनी मिळून प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली. तिघेही संचालक. करंट अकाउंटसाठी त्यांनी बँकेत कागदपत्रं दिली आणि दोन दिवसांनी फोन आला, "ठराव नवीन करून आणा." ठराव लेटरहेडवर होता, सही होती, शिक्काही होता. मग अडलं कुठे?

ठराव लागतोच कशाला?

कायद्याच्या नजरेत कंपनी ही वेगळी व्यक्ती आहे, पण तिला स्वतःला सही करता येत नाही. तिच्या वतीने सही कोण करणार, हे संचालक मंडळ ठरवतं. म्हणूनच रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांनुसार कंपनीचं खातं उघडताना संचालक मंडळाचा ठराव घेतला जातो. त्यासोबत बँक ऑथराइज्ड सिग्नेटरींची यादी मागते. त्यात सही करणाऱ्यांची नावं, पदं, फोटो आणि नमुना सह्या असतात.

पहिला प्रश्न: बैठकीला कोण होतं?

आपल्या उदाहरणात ठराव १२ जूनच्या बैठकीचा होता. तीनपैकी दोन संचालक हजर असल्याचं त्यात लिहिलं होतं. पण कंपनीनेच दिलेल्या संचालकांच्या यादीत दोनच नावं होती, आणि हजर दाखवलेल्यांपैकी एक नाव त्यात नव्हतं. अधिकाऱ्याने विचारलं तेव्हा कळलं, की त्या संचालकाचा राजीनामा १ जूनपासून लागू झाला होता.

कंपनी कायदा २०१३ नुसार बैठकीला एकूण संचालकांपैकी एक तृतीयांश किंवा दोन, यांतली जी संख्या मोठी असेल तितके संचालक हजर लागतात. यालाच कोरम म्हणतात. इथे उरलेले दोघंही हजर हवे होते. प्रत्यक्षात होता एकच, म्हणजे कोरम पूर्ण झालाच नाही.

हे एमसीएच्या, म्हणजे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या वेबसाइटवर दिसलं नसतं का? कदाचित नाही. संचालक बदलल्याची माहिती DIR-12 फॉर्ममध्ये द्यायला कंपनीला ३० दिवस मिळतात. तोवर जुनं नाव तिथे दिसू शकतं. म्हणून फक्त वेबसाइट बघून भागत नाही, कंपनीचे कागद एकमेकांशी ताडून बघावे लागतात.

यावर उपाय म्हणजे उरलेल्या दोघांनी रीतसर बैठक घेऊन नवा ठराव करणं. बैठकीची सूचना साधारणपणे किमान ७ दिवस आधी द्यावी लागते. तातडीच्या कामासाठी कमी मुदतही चालते. जुन्याच कागदावर तारीख बदलणं हा उपाय नाही. ती चुकीची नोंद ठरते आणि पुढे वाद झाला तर अंगाशी येते.

दुसरा प्रश्न: अधिकार नेमका किती?

"अमुक यांना खातं उघडण्याचा अधिकार आहे" एवढंच लिहिलेलं पुरत नाही. खातं उघडणं वेगळं आणि ते चालवणं वेगळं. पैसे कोण काढणार, एकट्याच्या सहीने की दोघांच्या, किती रकमेपर्यंत, हे स्पष्ट हवं. उदाहरणार्थ: २ लाखांपर्यंत कुणाही एकाची सही, त्यावर दोघांची.

तिसरा प्रश्न: यादी ठरावाशी जुळते का?

आपल्या कंपनीची दुसरी चूक इथे सापडली. ठरावात २ लाखांवर दोघांच्या सह्या लिहिल्या होत्या. नेट बँकिंगच्या अर्जात मात्र एकाच संचालकाला कितीही रक्कम पाठवायची मुभा मागितली होती. म्हणजे चेकवर दोघांचं कुलूप, पण मोबाइलवर एकाच्याच हातात किल्ली! म्हणून नेट बँकिंगमध्ये व्यवहार एकाने भरायचा आणि दुसऱ्याने मंजूर करायचा, हेही ठरावातच लिहून घेतात.

ठरावाची प्रत "खरी प्रत" म्हणून कोणी प्रमाणित केली, हेही पाहिलं जातं. ज्या एकट्याला सगळे अधिकार मिळतायत त्यानेच प्रत प्रमाणित केली असेल, तर ठराव खरंच झाला का हे सांगणारा दुसरा कुणीच उरत नाही. अशा वेळी दुसऱ्या संचालकाची किंवा कंपनी सेक्रेटरीची सही मागणं योग्य ठरतं.

तुमचा याच्याशी काय संबंध?

मित्रांच्या कंपनीत तुम्ही संचालक असाल आणि बाहेर पडत असाल, तर एक गोष्ट लक्षात ठेवा. एमसीएकडे राजीनाम्याची नोंद झाली म्हणून बँकेतली तुमची नमुना सही आपोआप रद्द होत नाही. कंपनीला नवा ठराव करून बँकेत द्यायला सांगा, तुम्ही स्वतःही बँकेला लेखी कळवा आणि त्या पत्राची पोच घ्या.