मूठभर वानगी आणि ऐंशी पोती

शितावरून भाताची परीक्षा करावी, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, आणि स्वयंपाकघरापुरते ते खरेही आहे. पातेल्यात पाणी खळखळ उकळत असते, दाणे वरचे खाली आणि खालचे वर होत असतात, सर्वांना सारखीच आच लागलेली असते. म्हणून एक शीत बोटाने दाबले की बाकीच्यांची अवस्था कळते. परंतु ही म्हण स्वयंपाकघरातून उचलून धान्याच्या दुकानात नेली तर काय होते, ते पाहण्यासारखे आहे. पुढील गोष्ट कल्पित आहे. तिच्यातील हिशेब मात्र कोणीही कागद-पेन्सिल घेऊन ताडून पाहावा.

परंड्याच्या एका भुसार व्यापाऱ्याने खेडोपाडी फिरून माल गोळा करणाऱ्या एका माणसाकडून शाळूची ८० पोती घेतली. दुकानापुढे पोती उतरली. शेटजींनी दर्शनी पोत्याचे तोंड सोडले, आत हात घातला आणि मूठभर ज्वारी तळहातावर पसरली. दाणा टपोरा, मोत्यासारखा; काळा पडलेला एखाद-दुसराच. शेटजी तसे सावध गृहस्थ. एका मुठीवर विसंबणे बरे नाही म्हणून त्यांनी त्याच पोत्यातून आणखी दोन मुठी काढल्या आणि दिवाणजींकडून दाणे मोजवले. प्रत्येक मुठीत हजाराच्या आसपास दाणे भरले. त्यांत काळे दाणे निघाले १९, २२ आणि २०. तीन वेळा पाहिले, तिन्ही वेळा शेकडा दोन! यापेक्षा अधिक खात्री ती कोणती? शेटजींनी त्या हिशेबाने भाव ठरवला आणि 'शेकडा दोनच्या वर डाग निघणार नाही' असा शब्द देऊन माल बार्शीला धाडला.

बार्शीच्या आडत्याने पोती उतरवताना प्रत्येक पोते तपासले. ६० पोत्यांत काळा दाणा शेकडा दोन होता, पण २० पोत्यांत तो शेकडा चौदा निघाला. सर्व पोती सारख्या वजनाची धरली तर ६० गुणिले २ म्हणजे १२० आणि २० गुणिले १४ म्हणजे २८०, एकूण ४००. त्याला ८० ने भागले की सबंध मालाची सरासरी शेकडा पाच येते. आडत्याचा निरोप आला, "शेटजी, तुमची वानगी निराळी आन् माल निराळा." भावातली कपात सोसता आली असती, पण 'वानगी निराळी' या दोन शब्दांचा अर्थ बाजारात एकच होतो, आणि तो शेटजींना झोंबला. कारण त्यांनी लबाडी केली नव्हती. तीन हजार दाणे मोजून घेतले होते!

"तीन हजार दाणे मोजले खरे," दिवाणजी म्हणाले, "पण पोतं किती पाहिलं मालक? एकच."

साऱ्या प्रकरणाचे मर्म या एका वाक्यात आहे. त्या माणसाने माल पाच-सहा खळ्यांवरून जमवला होता. एका शेतकऱ्याची कणसे खळ्यावर पडली असताना अवकाळी पावसाची सर आली आणि त्याची ज्वारी काळी पडली; इतरांची वेळेवर पोत्यांत गेली. ज्या खळ्यावर पोते भरले त्या खळ्याचेच दाणे त्यात असणार. म्हणजे एका पोत्यातले दाणे एकमेकांचे सख्खे भाऊ असतात. एकाला विचारले काय आणि हजारांना विचारले काय, उत्तर बहुधा एकच. खरा फरक दाण्यादाण्यांत नव्हता, पोत्यापोत्यांत होता. शेटजींच्या तीन मुठींनी 'या पोत्यात काय आहे' या प्रश्नाचे उत्तर अगदी चोख दिले. 'ऐंशी पोत्यांत काय आहे' हा प्रश्न त्यांनी विचारलाच नव्हता.

आणखी एक गंमत पाहा. मालाची सरासरी आहे पाच. पण ८० पोत्यांपैकी एकाही पोत्यात शेकडा पाच काळे दाणे नाहीत. कुठल्याही एका पोत्यात हात घाला, उत्तर दोन येईल किंवा चौदा. पाच येणे शक्यच नाही. शेटजींचा हात योगायोगाने डागी पोत्यात गेला असता तर त्यांनी साऱ्या मालाला चौदाचा भाव लावला असता आणि ज्यांची ज्वारी स्वच्छ होती त्या शेतकऱ्यांचे नाहक नुकसान झाले असते. एका पोत्याची मूठ कधी घेणाऱ्याला बुडवते, कधी विकणाऱ्याला. आणि पुन्हा पुन्हा मूठ भरली की तेच उत्तर येते, त्यामुळे माणसाचा आपल्या चुकीवरचा विश्वास वाढत जातो. हा त्यातला सर्वांत फसवा भाग म्हटला पाहिजे.

मग पोती किती पाहावीत? ऐंशीच्या ऐंशी उघडणे दर वेळी परवडत नाही. एकच पोते पाहिले तर डागी माल नजरेतून पूर्णपणे निसटण्याचा संभव शंभरात ७५ आहे, कारण ८० पैकी ६० पोती चांगली. पाच पोती चिठ्ठ्या टाकून निवडली तर पाचही चांगली निघण्याचा संभव शंभरात २३ वर येतो. दहा पोती निवडली तर तो शंभरात पाचाहूनही कमी होतो. येथे मोजायचे दाणे वाढवावे लागत नाहीत, हे लक्षात घ्यावे. एका पोत्यातून हजार दाणे घेण्याऐवजी दहा पोत्यांतून शंभर-शंभर घेतले तरी मेहनत जवळपास तेवढीच, फक्त दहा तोंडे सोडावी आणि शिवावी लागतात. धान्याचे नमुने घेण्याच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणपद्धतीतही साधारण हेच धोरण दिसते. दहापर्यंत पोती असतील तर प्रत्येक पोते, दहा ते शंभर असतील तर त्यांतील दहा, आणि शंभरावर असतील तर एकूण संख्येच्या वर्गमुळाइतकी पोती पाहावीत, असा तो नियम आहे. अर्थात दहाचा आकडा म्हणजे जादू नव्हे. ऐंशीत एकच पोते खड्यांनी भरलेले असेल तर दहा पोती पाहूनही ते आठांत सात वेळा निसटेल.

पोती किती, यापेक्षाही पोती कोणती, हा प्रश्न अवघड आहे. विकणारा चांगले पोते दर्शनी भागी ठेवतो हे सर्वांना ठाऊक असते, आणि तो ठेवत नसला तरी हमाल थप्पी लावताना एका खळ्याची पोती शेजारीशेजारीच रचतो, कारण ती गाडीतून तशीच उतरतात. तेव्हा हाताशी येतील ती दहा पोती काढली तर ती दहाही एकाच शेतकऱ्याची निघायची! त्यावर सोपा उपाय असा की उतरतानाच पोत्यांवर खडूने आकडे घालावेत, एक ते आठ आकड्यांच्या चिठ्ठ्यांतून एक उचलावी आणि तेथून पुढे दर आठवे पोते बाजूला काढावे. चिठ्ठी ५ ची आली तर ५, १३, २१ असे ७७ पर्यंत. बरोबर दहा पोती होतात. पोत्यातही वरचेच दाणे घेऊ नयेत. वाहतुकीच्या हिसक्यांनी बारीक चुरा आणि माती खाली सरकते. म्हणून हात घालण्याऐवजी खोबणीची लोखंडी परखी पोत्यात तिरपी, खोलवर खुपसून दाणे काढतात.

हातावर विश्वास का ठेवू नये, याचे उत्तर एका मराठी संख्याशास्त्रज्ञाच्या कामात सापडते. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले आणि पुढे लंडनला जाऊन नमुना-पाहणीचे शास्त्र त्यांनी नेमन यांच्यासारख्या पंडितांच्या सहवासात आत्मसात केले. परत आल्यावर, चाळिशीच्या दशकात, कृषी संशोधन परिषदेत त्यांच्यापुढे प्रश्न होता तो पोत्यांचा नव्हे, शेतांचा. जिल्ह्यात गव्हाचे किंवा भाताचे पीक किती आले हे सगळी शेते न कापता कसे सांगायचे? काही शेते चिठ्ठीने निवडावीत, त्यांत छोटा तुकडा आखून तेवढाच कापावा आणि तोलावा, ही रीत होती. तुकडा किती मोठा असावा यावरून मोठा वाद झाला. प्रशांतचंद्र महालनोबिस लहान तुकड्यांच्या बाजूचे होते. लहान तुकडे थोड्या वेळात पुष्कळ कापता येतात. सुखात्म्यांनी दाखवून दिले की अगदी लहान तुकड्यांवरून काढलेले उत्पन्न प्रत्यक्षापेक्षा फुगून येते.

याचे कारण साधे आहे. तुकड्याच्या काठावरचे ताट आत धरायचे की बाहेर, हे कापणाऱ्याला ठरवावे लागते आणि त्याचा कल ते आत घेण्याकडे असतो. तुकडा जितका लहान, तितका त्याच्या मानाने काठ जास्त. मोठ्या तुकड्यात ही चूक झाकून जाते, लहानात उठून दिसते. आणि हे अत्यंत महत्त्वाचे : असे लहान तुकडे शंभराऐवजी हजार कापले तरी आकडा सुधारत नाही, कारण प्रत्येक तुकडा एकाच दिशेला चुकतो. योगायोगाने होणारी चूक नमुने वाढवले की घटते. कलामुळे होणारी चूक नमुने वाढवूनही जशीच्या तशी राहते. परंड्यासारख्या कमी पावसाच्या तालुक्यात या भेदाला मोल आहे. गावाची पैसेवारी पन्नासाच्या आत की वर, यावर दुष्काळी सवलती दीर्घकाळ अवलंबून होत्या, आणि पैसेवारीमागे पीक कापणीचे असेच निवडक तुकडे उभे असतात.

शेटजींच्या हाताचेही तेच होते. मूठ भरताना बोटे टपोऱ्या दाण्यांकडे वळतात, चुरा फटींतून गळून जातो आणि तळहातावर उरते ती मालाची थोडी सजवलेली प्रत. दहा पोत्यांतून अशा दहा मुठी घेतल्या असत्या तर पोत्यापोत्यांतला फरक कळला असता, पण गळून गेलेला चुरा दहाही वेळा गळालाच असता.

पुढच्या खेपेला शेटजींनी दिवाणजींच्या म्हणण्याप्रमाणे केले. पुन्हा ८० पोतीच होती. चिठ्ठीने दहा पोती निघाली, प्रत्येकातून परखीने दाणे काढून शंभर-शंभर मोजले. शेटजी सगळे दाणे एका परातीत मिसळायला निघाले होते. दिवाणजींनी त्यांचा हात धरला आणि दहा पुड्या वेगळ्या बांधायला लावल्या. काळे दाणे निघाले असे : २, १, २, १४, ३, २, १३, २, २, १५. बेरीज ५६, म्हणजे शेकडा ५.६. परातीत मिसळले असते तर एवढा एकच आकडा हाती आला असता आणि साऱ्या मालाला मध्यम प्रतीचा म्हणून भाव मिळाला असता. वेगळ्या पुड्यांवरून मात्र दिसले की सात पोत्यांची सरासरी दोन आहे आणि तिघांची चौदा; हा एक माल नसून दोन माल आहेत. शेटजींनी हमालांना बोलावले, उरलेल्या सत्तर पोत्यांत एकेकदा परखी घालायला लावली, आणि दिवे लागणीपर्यंत दुकानापुढे दोन निराळ्या थप्प्या उभ्या राहिल्या.