उठावाच्या नकाशातील उभे माप : गैरसमज आणि वस्तुस्थिती

शाळांच्या प्रयोगशाळांतून आणि हौशी मंडळींच्या घरांतून थ्रीडी प्रिंटर येऊन पोचल्यापासून एखाद्या किल्ल्याचा अथवा डोंगररांगेचा उठावदार नमुना आपल्या मेजावर असावा ही इच्छा अनेकांच्या मनात उत्पन्न झाली आहे. आणि ती पुरी करण्याचा मार्ग, म्हणजे त्या मुलखाचे एक करडे चित्र मिळवून, त्यातील पांढरे ते उंच व काळे ते सखल असा हुकूम यंत्रास सोडणे, इतका सोपा दिसतो की त्यात हिशेबाचा काही भाग आहे हेच पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. पुढील विवेचनासाठी आपण हरिश्चंद्रगड व त्याभोवतीचा १५ किलोमीटर लांबरुंद चौरस घेऊ, आणि तो १५० मिलिमीटरच्या पाटीवर बसवू. म्हणजे प्रमाण १:१,००,००० पडते आणि पाटीवरील एक मिलिमीटर भूमीवरील १०० मीटरांचा प्रतिनिधी ठरतो.

पहिला आणि सर्वांत दृढ गैरसमज असा की कोणतेही छायाचित्र हे उंचीचेच चित्र होय. वस्तुतः छायाचित्रातील उजळपणा प्रकाशाची हकीकत सांगतो, भूमीच्या उंचीची नव्हे. उपग्रहाने टिपलेल्या चित्रावरून नमुना काढला तर गडाच्या उतारावरील गर्द झाडी काळी म्हणून खड्ड्यात जाते, खालच्या गावातील पत्र्याची छपरे चकाकतात म्हणून त्यांचे सुळके होतात, आणि एखादा चुकार ढग गडाच्या तारामती शिखराहूनही वर चढून बसतो. छायांकित नकाशा त्याहून अधिक फसवा, कारण तो डोळ्यांना हुबेहूब डोंगरासारखा दिसतो; परंतु त्यात वायव्येकडून प्रकाश पडला आहे असे मानून रंग भरलेले असतात, आणि म्हणून त्यावरून काढलेल्या नमुन्यात प्रत्येक डोंगराचा वायव्य उतार उंचवटा होतो व आग्नेय उतार खळगा होतो. परीक्षा सोपी आहे : एकाच उंचीवरील, पण डोंगराच्या दोन विरुद्ध अंगांवरील दोन बिंदूंच्या करड्या छटा ताडून पाहाव्यात, त्या भिन्न निघाल्या तर ते उंचीचे चित्र नव्हे. छायाचित्र जसेच्या तसे उपयोगी पडते असा एक प्रकार मात्र आहे, तो म्हणजे मागून दिवा लावून पाहावयाची पातळ पांढरी पाटी. तिथे जाडी ही प्रकाश अडविण्यापुरतीच असते, काळा भाग जाड व पांढरा पातळ असा उलटा क्रम असतो, आणि उंचीचा प्रश्न उद्भवतच नाही.

खरी उंची मोजणीतून येते. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ या अवकाशयानाने ११ दिवसांच्या फेरीत रडारच्या साहाय्याने पृथ्वीच्या बहुतेक वस्तीयोग्य भूभागाची जी मोजणी केली, ती सुमारे ३० मीटरांच्या चौकटींत आज कोणासही विनामूल्य मिळते, आणि तिच्या प्रत्येक चौकटीत छटा नसून मीटरांतील आकडा असतो. या आकड्यांचे चित्र करताना जे घोटाळे होतात त्यांचे मूळ बहुधा एकच असते : काळा म्हणजे किती मीटर आणि पांढरा म्हणजे किती मीटर, याचा करार कोणी लेखी केलेलाच नसतो.

याचे एक उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. उभ्या कड्यांच्या आडोशाला रडारचा किरण पोचत नाही, आणि जिथे मोजणी झाली नाही तिथे मूळ दप्तरात -३२७६८ हा आकडा ‘माहिती नाही’ या अर्थाने टाकलेला असतो. यंत्राला तो अर्थ ठाऊक नसतो. ते इमानेइतबारे तेहतीस किलोमीटर खोलीची विहीर खणते, आणि सर्वांत खोल व सर्वांत उंच बिंदूंमधील अंतर, नमुन्याच्या उठावासाठी आपण पुढे ठरविणार आहोत त्या २१ मिलिमीटरांत बसविताना हरिश्चंद्रगडाचा सगळा रुबाब एका मिलिमीटराच्या आतच आटोपतो. पाटी जवळजवळ सपाट आणि तिच्यात कुठेतरी सुईने टोचल्यासारखे एक भोक, असे दिसले की हाच दोष समजावा. आजूबाजूच्या आकड्यांवरून अशा रिकाम्या चौकटी आधी भरून घ्याव्या लागतात.

दुसरा घोटाळा अंशांचा. ही माहिती अक्षांश-रेखांशांत येते, आणि हरिश्चंद्रगडाच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश सुमारे १०५ किलोमीटरांचा, तर अक्षांशाचा जवळपास १११ किलोमीटरांचा भरतो. दोन्ही समान मानले तर मुलूख पूर्व-पश्चिम दिशेने पाच टक्के ताणला जातो. म्हणून आधी तो मीटरांच्या जाळीवर आणणे इष्ट. ‘जीडीएएल’ या मुक्त साधनसंचाने हे सारे काम तीन आज्ञांत होते. पहिल्या आज्ञेतील चार जागी आपल्या चौरसाच्या कडा मीटरांत भराव्यात :

```
gdalwarp -t_srs EPSG:32643 -tr 30 30 -r bilinear -te XMIN YMIN XMAX YMAX dem.tif utm.tif
gdal_fillnodata.py utm.tif full.tif
gdal_translate -of PNG -ot UInt16 -scale 50 1450 0 65535 full.tif relief.png
```

तिसऱ्या आज्ञेत आपला करार आला : काळा म्हणजे ५० मीटर, पांढरा म्हणजे १४५० मीटर, मधले अंतर १४०० मीटर. कोकणाकडील पायथा आणि सुमारे १४२४ मीटरांचे शिखर अशी दोन्ही टोके या मर्यादांत आहेत, याची खातरजमा `gdalinfo -stats full.tif` ने दाखविलेल्या किमान-कमाल आकड्यांवरून करून घ्यावी.

येथे करड्या छटांच्या संख्येविषयी एक समजूत तपासून पाहणे अगत्याचे आहे. साध्या चित्रात २५६च छटा असतात, म्हणून नमुन्यावर पायऱ्या पडतात आणि ६५,५३६ छटांचे चित्र घेतल्याखेरीज गत्यंतर नाही, असे सर्रास सांगितले जाते. आपल्या १४०० मीटरांचे २५५ भाग केले तर एक पायरी साडेपाच मीटरांची होते, आणि ती पाटीवर मिलिमीटराच्या दहाव्या हिश्शाहूनही बारीक उतरते. प्रिंटरचा एक थर सामान्यतः ०.२ मिलिमीटर जाड असताना ती दिसणार कशी? पण तेच चित्र समुद्रसपाटीपासून एव्हरेस्टच्या ८८४९ मीटरांपर्यंतच्या मोजपट्टीवर रंगविलेले असेल, तर एक छटा सुमारे ३५ मीटरांची होते व ती पाटीवर अर्ध्या मिलिमीटराची पायरी पाडते, आणि मग सारा डोंगर भातखाचरांसारखा दिसू लागतो. दोष छटांच्या संख्येहून अधिक मोजपट्टी कोठून कोठवर ताणली यात आहे. तरीही अधिक छटांचे पीएनजी घेण्यात नुकसान काही नाही. जेपेग मात्र कटाक्षाने टाळावे, कारण आकसताना ते चौकोनी डाग उमटविते, आणि तेच डाग पुढे पठारावर खवले होऊन उठतात.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. नमुन्याची उभी मापे आडव्या मापांच्याच प्रमाणात ठेवावीत, उंची वाढविणे ही लबाडी आहे, असे एक पक्ष मानतो. दुसरा पक्ष, जितकी उंची वाढवावी तितका नमुना ठसठशीत, असे म्हणून उंची तिप्पट-चौपट करून मोकळा होतो. दोन्ही पक्ष प्रमाणाचा विचार सोडून बोलतात. संपूर्ण महाराष्ट्र, ज्याचा पूर्व-पश्चिम विस्तार सुमारे ८०० किलोमीटर आहे, तो २०० मिलिमीटरच्या पाटीवर घेतला तर प्रमाण १:४०,००,००० पडते, आणि कळसूबाईचे १६४६ मीटर ०.४१ मिलिमीटरात, म्हणजे अवघ्या दोन थरांत मावतात. तिथे प्रामाणिकपणाचा आग्रह धरणे म्हणजे कोरी फळी छापणे होय. उभे माप पंधरापट वाढविले की सह्याद्रीची भिंत सहा मिलिमीटर वर येते आणि घाटमाथा, देश व कोकण हे तिन्ही बोटाला जाणवू लागतात. अर्थात या वाढीची किंमत मोजावी लागते : दहा अंशांचा मवाळ उतार तिथे सत्तर अंशांच्या आसपास जातो, आणि म्हणून अशा नमुन्यावरून कोणता घाट चढण्यास कठीण, हे कोणी ठरवू नये.

हरिश्चंद्रगडाची गोष्ट वेगळी. १:१,००,००० या प्रमाणावर त्याचे १४०० मीटर मुळातच १४ मिलिमीटर भरतात, आणि तेवढा उठाव दिसण्यास पुरेसा आहे. तथापि पायथ्याशी उभा असलेला मनुष्य चढ प्रत्यक्षाहून अधिक तीव्र समजतो, आणि त्या स्मृतीपुढे वरून पाहिलेला खरा नमुना थोडा बसका वाटतो; म्हणून दीडपट वाढ मला रास्त वाटते. तिने उठाव २१ मिलिमीटर होतो व तीस अंशांचा उतार एक्केचाळीस अंशांवर जातो, म्हणजे डोंगराची ओळख मोडत नाही. तिप्पट केली तर तोच उतार साठ अंशांवर जातो, आणि गडाची विस्तीर्ण बैठक हरवून सुळक्यांची दाटी तेवढी उरते. हिशेब करण्याची रीत अशी : मुलखातील उंचीचा फरक मिलिमीटरांत घेऊन त्यास प्रमाणाच्या अंकाने भागावे, आलेला उठाव पाटीच्या रुंदीच्या सातव्या-आठव्या हिश्शाच्या जवळपास नेण्यास किती पट लागते ते पाहावे, आणि ते उत्तर दोनच्या आत आले तर निःशंक स्वीकारावे, दहाच्या पुढे गेले तर इतका उठाव मिळविण्याचा हव्यास सोडून आधी प्रांत लहान करता येतो का, हे पाहावे. नमुन्याच्या तळाशी ‘आडवे १:१,००,०००, उभे १:६६,६६७’ अशी नोंद कोरली की लबाडीचा आक्षेपही उरत नाही.

प्रिंट सुरू करण्यापूर्वी स्लायसरमध्ये एकच आकडा पाहावा. चित्राच्या काळ्या ते पांढऱ्या या पूर्ण पल्ल्यास आपण २१ मिलिमीटर दिले आणि खाली ३ मिलिमीटरांची बैठक ठेवली, तर एकूण उंची चोविसाच्या किंचित खाली दिसली पाहिजे. नेमकी चोवीस दिसली आणि शिखर चापट कापल्यासारखे असले तर वरची मर्यादा अपुरी पडली. बरीच कमी दिसली तर मोजपट्टी दुसरीच कुठली तरी लागली.

बारकावा वाढविण्याच्या मोहाविषयी थोडक्यात सांगतो. तीस मीटरांची चौकट या प्रमाणावर ०.३ मिलिमीटर होते आणि नेहमीच्या नोझलचे तोंड ०.४ मिलिमीटर असते, म्हणजे माहिती यंत्राच्या आवाक्याहून आधीच बारीक आहे. ५०० × ५०० चौकटींपासून सुमारे पाच लक्ष त्रिकोण व २५ मेगाबाइटांची एसटीएल फाइल होते. तेच चित्र चारपट फुगविले तर फाइल ४०० मेगाबाइटांवर जाते, संगणक घरघरतो, आणि पाटीवर रेघभरही फरक पडत नाही.

एक मर्यादा मात्र कोणत्याही हिशेबाने ओलांडता येत नाही, आणि ती नेमकी या गडावरच सर्वांत स्पष्ट दिसते. उंचीच्या चित्रात प्रत्येक चौकटीस एकच उंची असते. त्यामुळेच अशा नमुन्यात कोठेही अधांतरी भाग येत नाही व प्रिंटरला आधाराचे टेकू लावावे लागत नाहीत. परंतु कोकणकडा हा आत वळलेला, माथा पुढे झुकलेला कडा आहे. त्याच्या माथ्याखाली जी पोकळी आहे तिला या दप्तरात रकानाच नाही. तीस मीटरांच्या दोन-चार चौकटींत त्याची धार बोथट होऊन एक तीव्र उतार तेवढा उरतो, आणि उंची दीडपट केली काय किंवा पाचपट केली काय, तो उतार अधिक उभा होईल, पण आत वळणार नाही. ज्याला ती अंतर्वक्र भिंत हवी असेल त्याने कड्यासमोरून व बाजूंनी घेतलेल्या अनेक छायाचित्रांवरून तेवढा भाग स्वतंत्र त्रिमित आकृती म्हणून उभा करावा, मोठ्या प्रमाणावर वेगळा छापावा, आणि गडाच्या पाटीशेजारी ठेवावा.