आठ हजार किलोमीटर वाचले, पण दिवस किती?

बीडच्या मोंढ्यातल्या एका आडतीवर गल्ल्यामागच्या भिंतीला जगाचा जुना नकाशा टांगलेला आहे. कडा पिवळ्या पडल्यात, आफ्रिकेवर चहाचा एक डागही आहे. २०२४ च्या सुरुवातीला, लाल समुद्रात मालवाहू जहाजांवर हल्ले सुरू असताना, या नकाशाखाली बसून मी बरंच ऐकलं. एक जण म्हणाला, सुएझ कालवा बंद पडलाय म्हणून कापसाचा भाव दबलाय. दुसऱ्याचं म्हणणं, थोडा वळसा पडेल एवढंच, आठवडाभर उशीर. तिसरा म्हणाला, जहाजं जोरात हाकली की झालं. तिघांच्याही बोलण्यात थोडं खरं होतं आणि बरंच चुकीचं.

पहिलं म्हणजे कालवा बंद नव्हता. इजिप्तमधला तो १९३ किलोमीटरचा पाण्याचा रस्ता तेव्हाही रोज उघडा होता. धोका होता तिथून दोन हजार किलोमीटरहून जास्त दक्षिणेला, लाल समुद्राच्या दुसऱ्या टोकाच्या बाब-एल-मांदेब सामुद्रधुनीजवळ. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनच्या हुथींनी तिथे जहाजांवर हल्ले सुरू केले आणि डिसेंबरात मोठ्या कंटेनर कंपन्यांनी आपली जहाजं आफ्रिकेला वळसा घालून न्यायला सुरुवात केली. कालवा खरोखर बंद होता तो १९६७ ते १९७५. अरब-इस्रायल युद्धामुळे तब्बल आठ वर्षं.

मग बीडच्या कापसाचं काय? आपल्याकडच्या जिनिंगमधून निघालेल्या रुईच्या गाठींचं सगळ्यात मोठं परदेशी गिऱ्हाईक बांगलादेश आहे. त्याशिवाय चीन, व्हिएतनाम. ही सगळी वाट पूर्वेकडची, त्यात सुएझ कुठे येतच नाही. संबंध आहे, पण फिरून. बांगलादेशात त्या रुईचं सूत होतं, सुताचे शर्ट होतात आणि ते शर्ट चितगावहून कोलंबो किंवा सिंगापूरमार्गे युरोपला एरवी सुएझमधूनच जातात. शर्ट उशिरा पोचला की पैसा उशिरा येतो, मग गिरणीवाला रुईची पुढची मागणी हात आखडून करतो. एवढा लांबचा धागा आपल्या मोंढ्यातल्या त्या दिवसाच्या भावाला बांधणं कठीण आहे.

तेलाची गोष्ट याहून मजेशीर. सोयाबीनचा शेतकरी आयात तेलावर डोळा ठेवून असतो. त्यातलं सोयातेल येतं मुख्यतः अर्जेंटिना आणि ब्राझीलहून. ती जहाजं अशीही आफ्रिकेच्या दक्षिण टोकावरूनच येतात, कारण त्यांना तीच जवळची वाट. कालवा उघडा असो की बंद, त्यांच्या अंतरात एका मैलाचाही फरक पडत नाही. सूर्यफुलाचं तेल मात्र बरंचसं काळ्या समुद्राच्या बंदरांतून येतं. त्याला सुएझ सोडून यायचं म्हटलं तर भूमध्य समुद्र पार करून जिब्राल्टरमधून बाहेर पडायचं आणि सगळी आफ्रिका ओलांडायची. अंतर अडीच पटीहून जास्त होतं. म्हणजे ‘सुएझमुळे अंतर निम्मं होतं’ हे सरसकट वाक्य कामाचं नाही. कुठून निघालात आणि कुठे जाताय, यावर सगळं अवलंबून आहे.

न्हावाशेवा ते नेदरलँड्समधलं रॉटरडॅम ही महाराष्ट्राच्या मालाची नेहमीची वाट. तीच घेऊ. सुएझमधून हे अंतर सुमारे ६,३०० सागरी मैल, आफ्रिकेच्या टोकावरून सुमारे १०,८००. वाचतात ते ४,५०० सागरी मैल. सागरी मैल आपल्या किलोमीटरच्या १.८५२ पट, म्हणजे हे झाले ८,३०० किलोमीटर. बीडहून न्हावाशेव्याला ट्रकने जाऊन परत यायच्या साधारण दहा फेऱ्या! शांघायहून रॉटरडॅमला जाणाऱ्या जहाजाची बचत याहून कमी, अंतराच्या जेमतेम चौथ्या हिश्शाएवढी. आपली बचत ४० टक्क्यांहून जास्त भरते, कारण आपण कालव्याच्या दाराशी आहोत.

आडतीवरच्या नकाशावर दोरा लावून कुणी हे मोजू नये. मी लावून पाहिलाय. कागदावर सपाट केलेल्या त्या नकाशात ध्रुवाकडचे प्रदेश ताणले जातात आणि विषुववृत्ताजवळचे त्यांच्या मानाने लहान दिसतात. आफ्रिका बरीचशी विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना पसरलेली, त्यामुळे वळसा दोऱ्यावर आहे त्यापेक्षा कमी भरतो. शाळेतला पृथ्वीचा गोल घ्या, हिशेब बराच जवळ येतो. आणि जाता जाता, आफ्रिकेचं सगळ्यात दक्षिणेचं टोक केप ऑफ गुड होप नव्हे. ते आहे आग्नेयेला दीडशे किलोमीटरवरचं केप अगुल्हास. जहाज दोन्हींना वळसा घालतं, नाव मात्र पहिल्याचंच होतं.

आता अंतराचे दिवस करू. जहाजाचा वेग नॉटमध्ये मोजतात, एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल. १६ नॉटने चालणारं जहाज दिवसाला ३८४ मैल कापतं. सुएझमार्गे ६,३०० मैलांना साडेसोळा दिवस लागतील. पण कालव्यात धावता येत नाही. जहाजं ताफ्याने, एकामागोमाग, तासाला पंधरा किलोमीटरच्या आसपासच्या चालीने जातात, पार व्हायला बारा ते सोळा तास लागतात. ताफ्याची वाट पाहणंही त्यात धरा. एकूण एक दिवस, म्हणजे साडेसतरा. आफ्रिकेला वळसा घालून त्याच वेगाने २८ दिवस. फरक साधारण अकरा दिवसांचा. अंतरात ४२ टक्के वाचले, दिवसांत ३८ टक्के. वाटेत इतर बंदरांवर थांबणं, रॉटरडॅमला धक्का मिळायची वाट, इकडचं कस्टम आणि बीडहून बंदरापर्यंतचा ट्रक धरला, की मालकाच्या दृष्टीने बचतीचा टक्का आणखी उतरतो. कारण हे सगळे दिवस दोन्ही वाटांवर सारखेच खर्च होतात.

मग जोरात का नाही हाकत? वळशाच्या वाटेने १७ दिवसांत पोचायचं तर साडेसव्वीस नॉट वेग लागेल, जो आजच्या बहुतेक मालवाहू जहाजांना झेपतच नाही. झेपला तरी पाण्याचा नियम आडवा येतो. रोजचं इंधन ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. १६ नॉटवरून २० वर गेलात की रोजचा धूर जवळजवळ दुप्पट. म्हणून कंपन्या वेग एखाद-दोन नॉट वाढवतात आणि उरलेला उशीर गिळतात.

मोंढ्यातल्या बोलण्यात नेहमी सुटणारी खरी गोष्ट पुढे आहे. लोक अकरा दिवस एका जहाजाचे समजतात. पण कंटेनरची जहाजं एसटीसारखी आहेत. दर आठवड्याला ठरलेल्या वारी न्हावाशेव्याहून एक निघायलाच हवं. समजा सुएझमार्गे जाऊन, युरोपातली बंदरं करून, परत येईपर्यंत आठ आठवडे लागतात. तर दर आठवड्याला एक सोडायला आठ जहाजं लागतील. वळशाच्या वाटेने जाताना अकरा आणि येताना अकरा, मिळून बावीस दिवस वाढले, म्हणजे तीन आठवडे. आता तीच सेवा चालवायला अकरा जहाजं हवीत. मालात एका पोत्याचीही वाढ नाही, पण जहाजं तीन जास्त.

ती तीन जहाजं कुठून येणार? दुसऱ्या मार्गांवरून काढलेली किंवा चढ्या भाड्याने घेतलेली. मिळाली नाहीत तर एखाद्या आठवड्याची फेरीच रद्द, आणि बंदरावर उभा असलेला कंटेनर पुढच्या फेरीपर्यंत थांबतो. शिवाय रिकामे कंटेनरही याच जहाजांतून परत येतात. ते तीन आठवडे उशिरा येऊ लागले की निर्यातदाराला डबाच मिळत नाही. २०२४ च्या द्राक्ष हंगामात नाशिकच्या बागायतदारांना याच गोष्टींचा चटका बसला. भाडं वाढलं ते नुसत्या जास्तीच्या इंधनामुळे नव्हे. प्रत्येक जहाजाच्या वर्षभरातल्या फेऱ्या कमी झाल्या, म्हणून.

यावरून कुणी म्हणेल, कालवा नेहमी स्वस्तच. तसंही नाही. कालव्याची पट्टी भरावी लागते, आणि मोठ्या कंटेनर जहाजाला ती काही लाख डॉलर पडते. हिशेबासाठी चार लाख धरा. जहाज १६ नॉटला रोज ८० टन इंधन खात असेल, तर वळशाच्या ४,५०० मैलांना बारा दिवसांचं सुमारे ९६० टन जास्त लागेल. इंधन ६०० डॉलर टन असेल तर हा खर्च पावणेसहा लाख डॉलर, म्हणजे कालवा परवडला. तेच २०० डॉलर टन झालं तर एक लाख नव्वद हजारच. मग घाई नसलेलं जहाज सरळ वळसा घालतं. २०२० मध्ये तेलाचे भाव कोसळले तेव्हा काही मोठ्या कंटेनर कंपन्यांनी हेच केलं, आणि गिऱ्हाईक परत यावं म्हणून कालव्याच्या प्रशासनाला पट्टीत सूट द्यावी लागली. वळशाचा भाव काय पडतो हे बघूनच पट्टी ठरते, अगदी मोंढ्यातल्या हमालीसारखी.

बीडचं सीताफळ याच हिशेबात घालून पाहिलं. भौगोलिक मानांकन २०१६ ला मिळालं, पण झाडावरून उतरवलं की चार-पाच दिवसांत पिकून मऊ. त्याला साडेसतरा दिवसही जड आणि अठ्ठावीसही, म्हणून ते बोटीने युरोपला जाणार नाही. द्राक्षाला साडेसतरा दिवस शून्याजवळच्या थंडीत निभावतात, अठ्ठावीसला देठ वाळू लागतात आणि तिकडच्या दुकानात ठेवायला फारसे दिवस उरत नाहीत. गोठवलेला सीताफळाचा गर मात्र उणे अठरावर पक्का असतो. त्याला अकरा दिवस जास्त लागले तरी चवीत काही बिघडत नाही. बिघडतो तो फक्त कंटेनरच्या विजेचा, भाड्याचा आणि अडकलेल्या पैशावरच्या व्याजाचा आकडा. हे सांगितल्यावर त्या आडतीवरचा एक जण म्हणाला, “म्हणजे गरवाल्याला फक्त बँक धरते.” बरोबर आहे, अकरा दिवसांचं व्याज.